ताई, एक टर्म थांबते

दिवाळीच्या सुट्टीनंतर क्लास उघडतो आणि कथकच्या ताई हजेरीचं पान उलटतात, तेव्हा दहावीतल्या मुलींची नावं आपोआप गळालेली असतात. कोणी सांगून गेलेलं नसतं. एकीच्या आईने ‘या आठवड्यात जमणार नाही’ असं कळवलेलं असतं, दुसरीने ‘पुढच्या शनिवारपासून येते’ असं. तो शनिवार काही उजाडत नाही. मार्चअखेर बोर्डाची परीक्षा संपते, पण तोवर दोन्ही घरांमध्ये अवघडलेपण इतकं साठलेलं असतं, की ‘आता कुठल्या तोंडाने फोन करायचा’ म्हणून तो फोनही राहून जातो. सहा-सात वर्षं शिकलेली कला अशा रीतीने सुटते. नाच सोडायचा निर्णय त्यात कोणीच घेतलेला नसतो.

एक टर्म थांबणं यात गैर काहीच नाही. दहावीचं वर्ष असतं, पाय मुरगळलेला असतो, घरी आजारपण असतं, किंवा पैशांची ओढ असते. नृत्य-संगीताच्या शिक्षकांना हे सगळं माहीत असतं आणि दरवर्षी ते पाहत असतात. त्यांची अडचण होते ती केव्हा आणि कसं कळतं यामुळे, कारण क्लासचं वर्ष शाळेच्या वर्षासारखं जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपत नाही. त्यात निदान तीन वेळापत्रकं एकमेकांत गुंतलेली असतात: परीक्षांचं, कार्यक्रमाचं आणि बॅचमधल्या जागांचं. मुलगी थांबली की या तिन्हींत काहीतरी हलवावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यातली एक मुलगी आहे, आठ-नऊ वर्षांची असल्यापासून कथक शिकणारी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण या तीन परीक्षा तिने दिल्या आहेत आणि आता मध्यमा प्रथमची तयारी चालू आहे. यंदा ती दहावीत आहे. गणपतीच्या सुमाराला घरात विषय निघतो, की दिवाळीनंतर क्लास थांबवायचा आणि बोर्डाची परीक्षा झाली की पुन्हा जायचं.

इथे बहुतेक घरांमध्ये पहिली शंका येते ती गुणांची. कलेच्या परीक्षा पास असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, मग आत्ताच थांबलं तर नुकसान नाही का? हा हिशेब नीट मांडला तर निम्मी चिंता तिथेच मिटते. राज्य सरकारच्या २०१७ सालच्या निर्णयानुसार शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या तीन परीक्षा पास असतील तर १० आणि पाच परीक्षा पास असतील तर १५ गुण मिळतात. आपल्या मुलीच्या तीन परीक्षा झाल्या आहेत, म्हणजे १० गुणांची पात्रता तिच्याकडे आहेच. घाईघाईने चौथी परीक्षा दिली तरी १० चे ११ होणार नाहीत. १५ साठी मध्यमा पूर्णपर्यंत जावं लागेल आणि ते बोर्डाच्या आधी उरलेल्या महिन्यांत होणार नाही. तेव्हा गुणांसाठी मध्यमा प्रथम उरकून घेण्याला काही अर्थ नाही. करायचं काम वेगळंच आहे. जुनी तिन्ही प्रमाणपत्रं हाताशी आहेत का ते पाहायचं, एखादं सापडत नसेल तर ताईंना आत्ताच सांगायचं आणि शाळेत जाऊन यंदाचे नियम व प्रस्तावाची मुदत विचारायची. प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. फेब्रुवारीत प्रमाणपत्र हरवल्याचं लक्षात आलं आणि ताईंना फोन केला, तर त्या फारसं काही करू शकत नाहीत. शिवाय तीन महिने न कळवता गैरहजर राहून असा फोन करणं कोणालाच सुखाचं नसतं.

आता ताईंच्या बाजूने पाहू. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एकदा एप्रिल-मे आणि एकदा नोव्हेंबर-डिसेंबर. फॉर्म त्याच्या बरेच आधी भरायचे असतात. ते केंद्रामार्फत जातात, फी एकत्र भरली जाते आणि एकदा भरलेली फी सहसा परत मागता येत नाही. म्हणून मुलगी थांबणार असेल तर ताईंना सर्वांत आधी हवी असते ती एवढीच माहिती: कोणत्या सत्राला तिला धरायचं आणि कोणत्या नाही. ‘परीक्षेचं बघू’ या उत्तराने त्यांचं काम भागत नाही. आपल्या उदाहरणातली मुलगी मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बोर्डाच्या परीक्षेतून मोकळी होईल. एप्रिल-मेचं सत्र तेव्हा दारात उभं असेल. मध्यमाला प्रात्यक्षिकाबरोबर लेखी परीक्षाही असते आणि पाच महिने घुंगरू न बांधलेल्या पायांनी लगेच परीक्षकांसमोर उभं राहणं शहाणपणाचं नाही. तेव्हा एप्रिल-मे सोडायचं आणि पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरला बसायचं, हे घरीच ठरवून सांगता येतं. ताईंचं मत वेगळं असेल तर त्या सांगतील, पण ठरवायला त्यांच्या हातात काहीतरी असेल.

दुसरं वेळापत्रक कार्यक्रमाचं. पुष्कळ क्लासचा वार्षिक कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत असतो आणि त्याची बसवणूक दसऱ्याच्या आसपास, कधी त्याही आधी सुरू होते. समूहनृत्यात आठ मुलींच्या दोन ओळी बसवल्या, कोणी कोणाला ओलांडून पुढे यायचं, शेवटची तिहाई कोणी कुठे उभं राहून घ्यायची हे घटवून घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये त्यातली एक मुलगी गेली, तर एक जागा रिकामी राहण्यावर भागत नाही. सातांची रचना आठांच्या रचनेतून एक वजा करून होत नाही. मधली मुलगी गेली की दोन्ही बाजूंच्या मुलींची अंतरं बदलतात, जोड्या मोडतात आणि सगळं पुन्हा बसवावं लागतं. पोशाख मापं देऊन सांगितलेले असतात ते वेगळंच. म्हणूनच थांबायचं दिवाळीनंतर असलं तरी सांगायचं दिवाळीच्या आधी, आणि बसवणूक सुरू होण्याच्याही आधी. गणपतीत ठरलं तर गणपती संपल्यावर लगेच सांगावं. ‘इतक्या लवकर सांगितलं तर ताई तिच्याकडे लक्ष देणार नाहीत’ अशी भीती पालकांना वाटते. तसं क्वचित होतही असेल. पण आयत्या वेळी कळल्यावर जे होतं त्यापेक्षा ते बरं.

सांगायचं कोणी, यावर माझं मत ठाम आहे: मुलीने. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सहा-सात वर्षं ज्यांच्यासमोर तत्कार करते आहे, त्यांना तिने स्वतः चार वाक्यं सांगावीत आणि आई-बाबांनी शेजारी उभं राहावं. फी, तारखा, जागा हे बोलणं पालकांचं. नुसता मोबाइलवर निरोप पाठवून मोकळं होणं सोपं खरं, पण तो निरोप प्रत्यक्ष बोलून झाल्यावर नोंद म्हणून पाठवावा. क्लास चालू असताना दारातून डोकावून सांगू नये, आणि बाकीच्या मुलींसमोर तर अजिबात नाही. याला एक व्यवहारी कारण आहे. दहावीच्या एका मुलीने थांबायचं म्हटलं की त्याच संध्याकाळी तिच्या मैत्रिणींच्या घरीही तीच चर्चा सुरू होते आणि आठवड्याभरात अर्धी बॅच रिकामी होते. ज्यांना खरंच थांबण्याची गरज नसते त्याही थांबतात. वर्षानुवर्षं क्लास चालवणाऱ्यांना या दिवसांची धास्ती असते. क्लास सुटल्यावर पाच मिनिटं वेळ मागून घ्यावा.

ताई काय म्हणतील, याचा अंदाज घेऊन जावं. बहुतेक वेळा त्या म्हणतात, ‘अगं, पूर्ण बंद कशाला करतेस? आठवड्यातून एकदा ये. तेवढंच डोकं मोकळं होईल.’ यात त्यांचा स्वार्थ असतो असं समजायचं कारण नाही. एकदा सुटलेली मुलगी परत येत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. सूचनाही पुष्कळदा चांगली असते. पण ती मान्य करायची का, हे घरून ठरवून निघावं, नाहीतर संकोचाने ‘हो’ म्हटलं जातं आणि मग तो एक दिवसही दर आठवड्याला काहीतरी कारण काढून बुडतो. कळवलेली सुट्टी आणि अशी आठवड्यागणिक पडणारी दांडी यांत ताईंना सुट्टीच परवडते. नको असेल तर मुलीनेच म्हणावं, ‘ताई, एकदा येऊन मला धड ना नाच होईल, ना अभ्यास. मार्चनंतर पूर्ण येते.’ एवढं सरळ बोललेलं कोणी मनाला लावून घेत नाही.

मग येतो पैशांचा विषय, आणि इथे आपण सगळेच अडखळतो. आपले क्लास दोन जगांत एकदम नांदतात. गुरुपौर्णिमेला मुली ताईंच्या पाया पडतात, दसऱ्याला घुंगरांची पूजा होते, नाव गुरु-शिष्य परंपरेचं घेतलं जातं; आणि त्याच खोलीचं भाडं, वीजबिल, साथीला बोलावलेल्या तबलजींचं मानधन महिन्याच्या फीमधून जातं. हा संसार जुनाच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा घराण्याच्या चौकटीत मिळणारं गाणं अभ्यासक्रम, वर्ग आणि परीक्षा यांच्या वाटेवर आलं. आजचा आपला गल्लीतला क्लास त्या वाटेवरच उभा आहे, पण बोलताना आपण अजून जुन्या घरातलं बोलतो. ‘फीचं काय?’ असं विचारणं म्हणजे ताईंचा अपमान, असं पालकांना वाटतं, आणि ताईंनाही स्वतःहून आकडा सांगायला जड जातं. परिणामी तीन महिन्यांनी दोघांच्याही मनात वेगवेगळा हिशेब तयार असतो.

पद्धती क्लासगणिक वेगळ्या आहेत. काही ठिकाणी महिन्याची फी असते आणि आलात तर भरा, नाहीतर नाही, इतकं सरळ असतं. काही ठिकाणी तीन महिन्यांची आगाऊ घेतात आणि मध्येच थांबल्यास ती परत मिळत नाही. काही ताई जागा राखण्यासाठी निम्मी फी मागतात, तर काही क्लास परत येताना प्रवेश फी पुन्हा घेतात. माझ्या मते जागा राखायची फी मागणं केव्हा रास्त, हे बॅचवर अवलंबून आहे. आठ-दहा मुलींचीच बॅच असेल, त्यापेक्षा जास्त मुली त्या खोलीत हात पसरून चक्कर घेऊ शकत नसतील आणि बाहेर दोघी-तिघी वाट पाहत असतील, तर आपल्या मुलीची जागा पाच महिने रिकामी ठेवणं म्हणजे ताईंचं रोखीचं नुकसान आहे. ते निम्मं आपण सोसावं. पण तीस मुलींच्या वर्गात अशी मागणी झाली तर शांतपणे विचारावं, की जागा राखून ठेवण्याचा प्रश्न आहे का. जमत नसेल तर राखीव जागेचा आग्रह सोडता येतो: ‘परत येऊ तेव्हा ज्या बॅचमध्ये जागा असेल तिथे बसू.’ पुष्कळदा हाच मार्ग दोघांना सोयीचा ठरतो. पैशाच्या ओढीमुळेच थांबत असाल तर तेही ताईंना एकटं गाठून सांगावं. अशा वेळी फी कमी करणाऱ्या किंवा पुढे ढकलणाऱ्या ताई-सर पुष्कळ आहेत, पण कारण अभ्यासाचं सांगितलं तर त्यांना मदत करायला वावच उरत नाही.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी निरोप लिहावा. ‘ताई, थोडे दिवस येणार नाही, अभ्यास आहे’ यातून काहीच कळत नाही. आपल्या उदाहरणातल्या घराने साधारण असा लिहावा:

‘नमस्कार ताई. आज बोलल्याप्रमाणे, हिचा दिवाळीपूर्वीचा शेवटचा क्लास १८ ऑक्टोबरला होईल. त्यानंतर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत ती येणार नाही. १ एप्रिलपासून पुन्हा नियमित येईल. वार्षिक कार्यक्रमात तिला धरू नये ही विनंती. मध्यमा प्रथमचा फॉर्म एप्रिल-मेच्या सत्राला भरायचा नाही, त्यानंतरच्या नोव्हेंबर-डिसेंबरला भरू. ऑक्टोबरची फी दिली आहे. जागा राखण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च निम्मी फी द्यायची असं ठरलं, ती दर महिन्याला ५ तारखेपर्यंत पाठवू. क्लासची ओढणी आणि वही आमच्याकडे आहे, ती शेवटच्या दिवशी देऊ. प्रवेशिका पूर्णचं प्रमाणपत्र मिळालं आहे. काही राहिलं असेल तर सांगावं.’

तारखा अर्थात त्या त्या वर्षीच्या दिवाळीप्रमाणे आणि बोर्डाच्या वेळापत्रकाप्रमाणे बदलतील. या निरोपात आभाराची लांबण नाही की माफी नाही. थांबण्याचं कारणही पुन्हा उगाळलेलं नाही, कारण ते तोंडी सांगून झालं आहे. महत्त्वाची आहे ती १ एप्रिल ही तारीख. ‘परीक्षा संपली की’ असं लिहिलं तर परीक्षा संपल्यावर गावी जाणं येतं, मग मावसबहिणीचं लग्न, मग निकाल, मग अकरावीचे प्रवेश, आणि जून उजाडतो. तारीख लिहिलेली असली की निदान ती चुकली हे तरी कळतं.

कारण दुखापतीचं असेल तर निरोपात आणखी एक गोष्ट हवी: डॉक्टरांनी नेमकं काय करायला मनाई केली आहे. घोटा दुखावलेल्या मुलीला तत्कार बंद असतो, पण बसून हस्तक आणि पढंत करता येते, आणि ताई तिला तेवढ्यासाठी बोलावू शकतात. गाणाऱ्या मुलाचा आवाज फुटत असेल तर सरांना विचारल्याशिवाय थांबूच नये; त्या वयात पुष्कळदा वरचे सूर सोडून खालच्या पट्टीत, कमी वेळ गायला लावतात आणि तेवढं पुरतं.

आता त्या पाच-साडेपाच महिन्यांत काय करायचं, हे शेवटच्या क्लासला ताईंनाच विचारून घ्यावं, आणि थोडंच मागावं. रोज अर्धा तास रियाझ करीन असं दहावीच्या मुलीने कबूल करणं म्हणजे जानेवारीत मन खाणाऱ्या गोष्टींत एकीची भर घालणं. कथकमध्ये सोपी सोय आहे ती पढंतीची. खुर्चीत बसून, हाताने टाळी-खाली देत बोल म्हणायचे. तीनतालाच्या सोळा मात्रा ठायीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत. त्यानंतर शिकलेले दोन-तीन तोडे आणि एखादी परण. दहा मिनिटं होतात. पाय थांबले की पहिल्यांदा जातो तो दम आणि चौगुणीतला वेग. चक्करांचा तोल आणि गिरकीनंतर नजर जागेवर आणण्याची सवयही ढिली पडते. बोल मात्र तोंडात राहिले तर पाय नंतर त्यांच्या मागोमाग येतात. बोलच विसरले तर परतल्यावर पहिला महिना आठवण्यातच जातो. तबला शिकणाऱ्याला हीच सोय आहे. सतार किंवा हार्मोनियमवाल्याला वाद्यावर बसावंच लागतं, तेव्हा त्याने आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं ठरवून घ्यावीत. घुंगरू सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की ओल धरून दोरी कुजते.

परत येण्याच्या बाबतीत एक गोष्ट आधीच विचारून ठेवलेली बरी: ती कुठल्या बॅचमध्ये बसेल? बरोबरच्या मुलींनी तोवर नवा ताल सुरू केलेला असतो. ताई तिला काही आठवडे धाकट्या बॅचबरोबर उभं करतील, ही शक्यता आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला बारा वर्षांच्या मुलींच्या ओळीत उभं राहणं लागतं. हे सप्टेंबरमध्येच तिच्या कानावर घातलं तर एप्रिलमध्ये धक्का बसत नाही. पहिले दोन आठवडे घुंगराशिवाय, कमी वेळ आणि विलंबित लयीतच नाचायचं. पोटऱ्या भरून येणं ठीक आहे. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी दुखत राहिलं तर मात्र लगेच थांबून ताईंना सांगायचं, कारण जुन्या जोमाने कडक फरशीवर तत्कार सुरू करणाऱ्या मुलींना तो त्रास होतो आणि तो अंगावर काढला की आणखी एक टर्म जाते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ताईंना एक ओळ पाठवावी, की १ तारखेला येते आहे. त्या आठवड्यात बॅचची वेळ बदललेली असू शकते. आणि जमत नसेल, अकरावीच्या शास्त्र शाखेच्या क्लासने सगळ्या संध्याकाळी घेतल्या असतील, किंवा मुलीचं मनच उरलं नसेल, तर तेही त्याच आठवड्यात सांगायचं. राखून ठेवलेली जागा मोकळी होते, निम्मी फी थांबते आणि वाट पाहणाऱ्या मुलीला एप्रिलपासूनच आत घेता येतं.